गाव सुटलेल्यांचे चित्रपट: परदेशी राहणाऱ्या कोकणवासीयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून दोनेक मैलांवर. वर्षातले दहा महिने त्यात मी आणि आते असतो. मे महिन्यात आणि गणपतीत मात्र ते भरतं, आणि हल्ली मुंबईकरांइतकेच दुबई, लेस्टर, न्यू जर्सीकडचेही येतात. रात्री जेवणं उरकली की माजघराच्या भिंतीला पांढरी चादर बांधून मी एखादा चित्रपट लावते. निवड माझी असते आणि ती बहुधा एकाच जातीची: गाव सोडलेल्या माणसांची. परत गेल्यावर लोक फोनवर जे विचारतात त्यातलं बरंचसं दरवर्षी तेच असतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’पासून. २०२४ साली कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं हे वर्तमानपत्रांत आलंच होतं. मी तो आधी लावते कारण त्यात ठिकाणं तीन आहेत. गाव सोडण्याच्या गोष्टीत सहसा दोनच असतात, सुटलेलं आणि गाठलेलं, आणि पाहणारा लगेच एकाची बाजू घेतो. इथे केरळ आहे, मुंबई आहे आणि रत्नागिरीकडचं समुद्रकाठचं गाव आहे.

प्रभा आणि अनू या मल्याळी नर्स मुंबईच्या एका हॉस्पिटलात काम करतात आणि एकाच खोलीत राहतात. त्याच हॉस्पिटलात स्वयंपाकाला असलेली पार्वती कोकणातली. मुंबईला तिघीही बाहेरच्या, पण सारख्याच बाहेरच्या नाहीत. पार्वतीला शहराची भाषा येते, तिच्या डोक्यावरचं छप्पर मात्र जायच्या बेतात आहे. प्रभाला पगार आहे, खोली आहे, पण मनातलं बोलायचं तर मल्याळी माणूस शोधावा लागतो. उत्तरार्धात तिघी कोकणात येतात तेव्हा हिशेब पुन्हा बदलतो. पार्वती घरची होते, उरलेल्या दोघी पाहुण्या, आणि त्या पाहुण्या मुंबईपेक्षा इथेच मोकळ्या होतात.

लेस्टरला ऑफिसात ‘मुंबईचा’, मुंबईत ‘कोकणातला’ आणि इथे आमच्या वाडीत ‘लंडनवाला’ ठरणाऱ्या माझ्या चुलतभावाला हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

पण यात परदेश कुठे आला? सगळं तर भारतातच घडतं.

परदेश एका खोक्यातून येतो. प्रभाचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं. लग्नानंतर लवकरच नवरा जर्मनीला कामाला गेला, आणि आता वर्ष उलटून गेलं तरी त्याचा फोन नाही. एक दिवस पार्सल येतं. आत भात शिजवायचा कोरा लालभडक विजेचा कुकर. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. जर्मनीत बनल्याचं त्यावर लिहिलेलं असतं, त्यावरून काय ते समजायचं. रात्री एकटी असताना प्रभा स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून तो कुकर मांड्यांमध्ये घेते आणि मिठी मारते. एकही शब्द नाही.

आखातातून आलेल्या खोक्यांवर वाढलेल्या प्रत्येक कोकणी घराला हा प्रसंग कळतो. दूध पावडरचे डबे, टँग, डोकेदुखीचा बाम, बॅटरी, अत्तर. वस्तू येत राहतात आणि माणूस त्या वस्तूंच्या मागे हळूहळू दिसेनासा होतो. आमची आते तर हा प्रसंग पाहताना चिडली. तिचा नवरा म्हणजे आमचे मामा मालवाहू बोटीवर खलाशी होते. ती म्हणाली, “मेल्यान कुकर धाडल्यान, पन दोन ओळी लिवूक जमाक नाय?”

परदेशात राहणाऱ्यानं हा चित्रपट पाहायचा तो इथून. विभागलेल्या माणसांच्या बहुतेक गोष्टी जाणाऱ्याच्या नजरेनं सांगितलेल्या असतात. ही गोष्ट खोकं उघडणारीच्या बाजूची आहे, आणि जर्मनीतल्या त्या माणसाचा चेहरा आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही.

पार्वतीचं घर का जातं? तिथे इतकी वर्षं राहूनही तिचा हक्क कसा नाही?

कागद नाही म्हणून. नवऱ्याच्या माघारी ती एकटी राहते. जागा बिल्डरला हवी आहे. प्रभा तिला वकिलाकडे घेऊन जाते, वकील पुरावा मागतो आणि पार्वतीकडे दाखवण्यासारखं काही निघत नाही. कागदाशिवाय माणूस हवेत विरून गेला तरी कुणाला पत्ता लागणार नाही, अशा अर्थाचं ती नंतर बोलते. मग दोघी रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. माजघरात दर वेळी इथे कुणीतरी हसतं.

चित्रपट हे पटकन सांगून पुढे जातो, म्हणून थोडी मागची गोष्ट. मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातले लोक फार मोठ्या संख्येनं होते, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, कारण तो वेगळा झाला १९८१ साली. पुरुष गिरणीत, बायको-मुलं गावी, दर महिन्याला मनीऑर्डर. चाळीतली खोली एकाच्या नावावर, राहणारे दहा, आणि गावचा नवा माणूस आला की त्याची वळकटी तिथेच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेच पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जमिनीवर पुढे मॉल आणि उंच इमारती आल्या. त्या पट्ट्यातल्या खोलीत कुणाच्या तरी मागे राहिलेल्या बाईकडे भाडेपावती, रेशनकार्ड, वीजबिल यातलं काही तिच्या नावावर नसेल, तर ती तिथे राहत होती हे सिद्ध कशानं करणार?

आता गंमत बघा. मुंबईत पार्वतीकडे एकही कागद नाही, आणि इकडे आमच्या गावात एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं आहेत. निम्मी माणसं वारलेली, काही मुंबईत, दोन अमेरिकेत. घराचा आठ नंबरचा उतारा अजून आजोबांच्या नावानं. त्या अमेरिकेतल्या दोघांनी नागरिकत्व बदललं असलं तरी वारसानं येणारी शेतजमीन त्यांना मिळू शकते, फक्त नव्यानं विकत घेता येत नाही. म्हणजे ज्यानं वीस वर्षांत इथे पाऊल ठेवलं नाही त्याचं नाव कागदावर पक्कं, आणि जिनं आयुष्य शहरात भांडी घासत काढलं तिचं कुठेच नाही. मुळं, माती वगैरे शब्द वापरून परदेशातले लोक बोलू लागतात तेव्हा मला हा उतारा आठवतो.

पार्वती गावी परतते. म्हणजे ‘घरी परत या’ असंच चित्रपटाला म्हणायचं आहे ना?

नाही, आणि इथेच ‘स्वदेस’शी तुलना कामाला येते. आशुतोष गोवारीकरांचा तो चित्रपट २००४ चा. त्याचं चरणपूर दाखवलंय उत्तरेकडचं, पण चित्रीकरण बरंचसं आपल्या वाईजवळच्या मेणवलीचं. मोहन भार्गव नासातली नोकरी सोडून परत येतो. तो आला नसता तरी त्याचं काही बिघडलं नसतं. परतणं ही त्याची निवड आहे, म्हणून ते सुंदर वाटतं, म्हणूनच ते पाहून परदेशातल्या कित्येकांना रडू येतं आणि सोमवारी ते कामावर जातात. मी टोमणा मारत नाही, माझा सख्खा भाऊ त्यातलाच.

पार्वतीला मुंबईनं बाहेर काढलं म्हणून ती परतते. गावी बंद घर आहे, ते उघडायचं, झाडायचं आणि कामाला लागायचं. कुणी हारतुरे घेऊन उभं नाही. तरी तो रडका प्रवास नाही. आल्या आल्या तिला आणि अनूला घरात दारू सापडते आणि दोघी नाचतात. प्रभा पाहत राहते. मुंबईचा सगळा भाग पावसाळी, निळसर, बहुतेक रात्रीचा. कोकणात आल्यावर उजेड, तांबडी माती, दुपार. त्या उजेडाला भुलून ‘गाव चांगलं, शहर वाईट’ असं वाचू नका. उजेड आहे याचा अर्थ तिघींना आता एकमेकींचं गुपित दिसू लागतं, एवढाच.

शेवट सांगून टाकता का?

हो. ज्यांना चालत नाही त्यांनी पुढचा प्रश्न सोडावा.

किनाऱ्यावर वाहून आलेला तो माणूस प्रभाचा नवराच असतो का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि दर वर्षी यावर माजघरात भांडण होतं.

घडतं असं. समुद्रातून एका बुडालेल्या माणसाला बाहेर काढतात. प्रभा नर्स, ती छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन त्याला वाचवते. गावातली म्हातारी तिला त्याची बायको समजते आणि प्रभा तो गैरसमज नीटसा दूर करत नाही. त्याला काही आठवत नसतं. मग रात्री, ती त्याचं अंग पुसत असताना, तो तिच्या नवऱ्यासारखा बोलू लागतो. कारखान्यात किती अंधार असायचा, दिवस की रात्र ते कळायचं नाही, अंधारात उजेड कसा असतो ते आठवून पाहायचा आणि जमायचं नाही. चित्रपटाचं नाव इथून आलं आहे. तो तिला सोबत चल म्हणतो. ती नाही म्हणते. पुन्हा मला भेटायला नको, असं सांगते.

जर्मनीतला मल्याळी नवरा कोकणच्या वाळूवर येऊन पडणार नाही, हे चित्रपटाला तुमच्या-आमच्याइतकंच माहीत आहे. म्हणून ‘तो खरा कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रभाला त्या प्रसंगातून काय मिळालं ते पाहा. तिला दोन गोष्टी हव्या होत्या, आणि नवऱ्याच्या गप्प बसण्यानं दोन्ही अडवून धरल्या होत्या. एक, तो तिथे कसा जगतो हे त्याच्या तोंडून ऐकणं. दोन, त्याला नाही म्हणणं. फोन न करणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, ही अशा लग्नातली खरी कोंडी आहे. दुसऱ्या गावच्या, अनोळखी भाषेच्या किनाऱ्यावर, जिथे तिला कुणी ओळखत नाही तिथे तिला हे बोलता येतं. केरळात आलं नसतं, मुंबईतही नाही.

आणि त्या ‘नवऱ्याच्या’ बोलण्यात परदेशातल्याचीही बाजू येते, हे सुटू देऊ नका. त्याच्यावर चिडून बसलेल्या आमच्या आतेनं तो अंधाराचा भाग दुसऱ्यांदा लावायला सांगितला होता.

यानंतर प्रभा अनूला सांगते की तुझ्या मित्राला बोलाव. अनूचा प्रियकर शियाझ मुसलमान, तो तिच्या मागोमाग गावात येऊन लपून राहिलेला असतो आणि प्रभाला ते कळलेलं असतं. चौघं रात्री किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या टपरीत बसतात. एवढंच.

हा भारतीय चित्रपट नाहीच, असं म्हणतात ते काय?

पैसा फ्रान्स आणि इतर युरोपीय देशांतूनही आला आहे. ऑस्करसाठी भारतानं त्या वर्षी ‘लापता लेडीज’ पाठवला, आणि निवड समितीला हा भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला, असं फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. छाया कदम दोन्हींत आहेत, इथे पार्वती आणि तिकडे मंजू माई. दुहेरी ओळखीवरच्या चित्रपटालाच ‘तू नक्की कुठला’ विचारलं गेलं, यावर मी आणखी काय बोलू?

घरी माणूस गेला आणि मला पोचता आलं नाही. हे कुठे पाहायला मिळेल?

‘ब्रुकलिन’मध्ये. जॉन क्राउली यांचा २०१५ चा. १९५० च्या दशकात आयर्लंडमधल्या एनिस्कॉर्थी नावाच्या लहान गावातली आयलिश न्यूयॉर्कला जाते, दुकानात नोकरी करते, रात्री हिशेबनिशी शिकते, टोनी या इटालियन वंशाच्या प्लंबरच्या प्रेमात पडते. मग बहीण अचानक वारल्याचा निरोप येतो. बोटीनं पोचायच्या आत सगळं उरकणार, हे ठरलेलंच. आईशी अटलांटिकपलीकडून फोनवर बोलायला मिळतं, एवढंच हाताशी. निघण्यापूर्वी टोनीच्या आग्रहानं ती त्याच्याशी गुपचूप नोंदणी लग्न करते.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आयलिश थोड्या दिवसांसाठी गावी येते आणि गाव तिला हळूहळू आत ओढतं. कुणी जबरदस्ती करत नाही. बहिणीच्या कचेरीत काम पडून आहे, जरा करशील का? मैत्रिणीचं लग्न आहे, तेवढं करून जा. जिम फॅरल नावाचा चांगला मुलगा आहे, त्याचं घर मोठं आहे, त्याचे आईवडील आता तिथून हलणार आहेत. पूर्वी हीच पोर चालती झाली तेव्हा गावात तिच्यासाठी यातलं काहीही नव्हतं. अमेरिकेचा कोट अंगावर घालून आली तसं सगळं उघडलं. टोनीची पत्रं येतात, ती न फोडता खणात टाकते.

मे महिन्यातल्या तीन आठवड्यांत आमच्याकडे हेच चालतं. एक खोली बांधून ठेव, बागेत राखणदार ठेवू, मुलांना इकडच्या शाळेत घाल. सांगणारे खोटं बोलत नाहीत, ऐकणाराही खरंच विचार करतो. पण तो पाहतो ते गाव त्याच्या रजेपुरतंच असतं. जूनमध्ये वीज जाते, आंब्याचा हिशेब बसत नाही, आणि दवाखान्यासाठी जीप मिळेपर्यंत रात्र जाते, तेव्हा तो इथे नसतो.

आयलिशला जाग येते तिच्या जुन्या मालकिणीमुळे. किराणा दुकानाची ती खवचट बाई तिला बोलावून घेते आणि तुझं लग्न मला माहीत आहे असं सुचवते. अमेरिकेतली बातमी नात्यागोत्यातून इथवर पोचलेली असते. आयलिश म्हणते की हे गाव कसं आहे ते मी विसरलेच होते. आणि आपलं लग्नानंतरचं नाव सांगून उठते. वाड्यावस्त्यांत वाढलेल्या माणसाला ही मालकीण दाखवावी लागत नाही, प्रत्येक वाडीत एक असते.

एक प्रसंग मात्र आधी सांगून ठेवते, कारण लोक तो गप्पांत घालवतात. ब्रुकलिनमध्ये नाताळला एकाकी आयरिश म्हाताऱ्यांना जेवण वाढतात. तिथले बोगदे आणि पूल याच माणसांनी बांधले, असं पाद्री सांगतो. त्यातला एक उठून आपल्या भाषेत गाऊ लागतो. परळच्या खानावळीतलं भजन ज्यांनी ऐकलं आहे, त्यांच्यासाठी थोडा आवाज वाढवते.

‘गमन’ जुना आहे. पाहावा का?

पाहावा. मुझफ्फर अलींचा, १९७८ चा. उत्तर प्रदेशातला गुलाम हसन मुंबईत टॅक्सी चालवतो, गावी बायको वाट पाहते. फारूख शेख आणि स्मिता पाटील. शेवटी तो स्टेशनवर जातो, गाडी समोर असते आणि चढत नाही. भाड्यात पैसे घातले तर घरी न्यायला उरणार काय? परदेशातले लोक तिकिटाचे दर पाहून यंदाची फेरी रद्द करतात तेव्हा कारण रजेचं सांगतात. हसन कारणच सांगत नाही, म्हणून तो जास्त लागतो.

तिकडेच वाढलेल्या मुलांना यातलं काय दाखवू? त्यांना गाव आठवतच नाही.

मोठी असतील तर ‘पास्ट लाइव्ह्ज’. सेलिन साँग यांचा, २०२३ चा. ना यंग बारा वर्षांची असताना सोलहून आईबापांसोबत कॅनडाला जाते आणि नोरा होते. बारा वर्षांनी जुना वर्गमित्र हे संग तिला इंटरनेटवर सापडतो, मग बोलणं तुटतं, आणि आणखी बारा वर्षांनी तो न्यूयॉर्कला येतो. तोवर तिचं आर्थर नावाच्या अमेरिकन लेखकाशी लग्न झालेलं असतं.

मुलांना त्रिकोण दिसतो. त्यांना दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगा. आर्थर नोराला म्हणतो की तू झोपेत फक्त कोरियनमध्ये बोलतेस. तो ती भाषा शिकतो आहे, पण तिच्या आत एक जागा आहे जिथे त्याला जाता येत नाही, याचं त्याला भय वाटतं. तुमच्या घरात हे उलटं असेल. आई झोपेत मालवणी बोलते आणि मुलाला कळत नाही.

दुसरी गोष्ट रडण्याची. ना यंग लहानपणी रडूबाई असते. परदेशात गेल्यावर सुरुवातीला रडायची, मग कुणाला पर्वा नाही हे कळल्यावर थांबली, असं ती सांगते. हे संगला गाडीत बसवून ती एकटी चालत घराकडे येते, आर्थर पायरीवर वाट पाहत असतो, आणि तिथे ती रडते. त्या बाईत ती मुलगी अजून आहे, हे तेवढ्यानं दिसतं. कुणी समजावत नाही. आणि हो, परदेशी का चाललीस असं विचारल्यावर छोटी ना यंग सांगते की कोरियन माणसाला साहित्याचं नोबेल मिळत नाही म्हणून. चित्रपट आल्याच्या पुढच्या वर्षी, २०२४ साली, ते हान कांग यांना मिळालं.

आम्ही सबटायटल वाचून पाहतो. काही निसटतं का?

फार निसटतं, आणि नेमकं महत्त्वाचं. विभागलेल्या माणसाची गोष्ट पुष्कळदा शब्दांपेक्षा भाषेच्या बदलात असते. ‘ऑल वी इमॅजिन’मध्ये मल्याळम, हिंदी आणि मराठी आहे. प्रभावर जीव जडलेला मल्याळी डॉक्टर हिंदीशी झगडतो आणि तिच्यासाठी कविता मात्र मल्याळममध्ये लिहितो. खालची इंग्रजी ओळ दोन्हीकडे सारखीच दिसते. न्यू जर्सीच्या माझ्या भाचीला चित्रपट संपेपर्यंत वाटत होतं की सगळ्या एकच भाषा बोलताहेत, आणि पार्वती मुंबईत जास्त धीट का हे तिला कळेना.

यावर उपाय साधा आहे. सुरू करण्यापूर्वी कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलणार ते दोन वाक्यांत सांगा. शक्य असेल तिथे पहिल्या दहा मिनिटांत भाषा बदलली की बोट वर करायला लावा; मुलांना तो खेळ आवडतो. ‘पचिंको’ या मालिकेनं हे काम स्वतःच केलंय, कोरियन संवादांची ओळ पिवळी आणि जपानी संवादांची निळी. जपानमध्ये वाढलेली कोरियन माणसं एकाच वाक्यात रंग बदलतात तेव्हा पाहणाऱ्याला काही सांगावं लागत नाही.

मराठीत असं काही नाही का?

परदेशात वसलेल्या माणसावर म्हणाल तर मला समाधान देणारं थोडं. हल्ली लंडन पुष्कळ दिसतं, पण ते सहलीचं किंवा लग्नाचं. मात्र उपरेपणावर उत्तम चित्रपट आहे, आणि तो आपल्याच किनाऱ्यावरचा: अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. वडील गेलेले, आईची बदली झालेली, आणि पुण्याचा चिन्मय कोकणातल्या शाळेत येऊन पडतो. आपण ज्या गावाला ‘आपलं’ म्हणून उसासे टाकतो, तेच त्या पोराला परदेश आहे. त्याला सगळ्यात जास्त दुखावतं ते मित्रांनी किल्ल्यात एकटं सोडून जाणं. २०१४ साली बर्लिनमध्ये मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला क्रिस्टल बेअर दिलं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आधी हाच दाखवा.

आखातात गेलेल्यांवर?

मल्याळममधला ‘पत्तेमारी’, २०१५, सलीम अहमद. मामुट्टी यांचा नारायणन लाँचमधून चोरून आखातात उतरतो आणि आयुष्य तिथे घालवतो, घर इकडे बांधलं जातं. राजापूर, दापोली, म्हसळ्याच्या घरांतही हीच गोष्ट आहे. नावं बदला आणि पाहा.

हे कुठे मिळतील?

देशागणिक हक्क बदलतात, म्हणून आज लिहिलेलं उद्या चुकतं. शोधताना इंग्रजी नाव आणि वर्ष दोन्ही टाका: `All We Imagine as Light 2024`, `Brooklyn 2015`, `Gaman 1978`, `Killa 2014`. नुसतं `Gaman` टाकलं तर भलतंच येतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर `Kanopy` ही चित्रपटांची साइट फुकट चालते. आधी तिथे पाहा.

आईबाबा भेटीला आलेत. ‘ऑल वी इमॅजिन’ त्यांच्यासोबत पाहता येईल?

येईल, फक्त आधी सांगून ठेवा. अनू आणि शियाझचा एक शरीराचा प्रसंग आहे, आणि नग्नताही आहे. आमच्याकडे पहिल्या खेळाला मी ते सांगायला विसरले. दोन काका पाणी प्यायला उठून गेले आणि प्रसंग संपल्यावर बरोबर वेळेत परतले. आते हलली नाही. नंतर अंथरुणं घालताना तिनं मला त्या प्रसंगाबद्दल काहीच विचारलं नाही. तिला वेगळंच पडलं होतं. त्या बुडालेल्या माणसाला प्रभानं नको म्हटल्यावर सकाळी तो गेला कुठे? मी म्हटलं, दाखवलं नाही. चादर घडी करता करता ती म्हणाली, “जेवान तरी घालूक होया होता गो त्येका.”